‘रिजेक्शन ८५ टक्क्यांनी कमी केलं’: रेझ्युमेतला आकडा मुलाखतीत टिकेल असा कसा काढायचा

डिप्लोमा झालेला, सीएनसी टर्निंगच्या शॉपमध्ये क्वालिटीला दीड वर्ष काढलेला एक मुलगा मुलाखतीला आला होता. रेझ्युमेत ठळक ओळ होती: ‘रिजेक्शन ८५ टक्क्यांनी कमी करून कंपनीची वर्षाला १.८ लाखांची बचत केली.’ मी विचारलं, “८५ टक्के म्हणजे कितीवरून कितीवर?” तो म्हणाला, “सर, ५.२ वरून ०.८.” “कुठल्या महिन्यात?” इथे तो थांबला. ५.२ हा मार्चमधल्या एका वाईट आठवड्याचा आकडा होता आणि ०.८ जुलैमधल्या एका चांगल्या आठवड्याचा.

वाईट याचं वाटलं की पोराने काम खरोखर केलं होतं, आणि नीट केलं होतं. आकडा मात्र असा निवडला की खरं कामही खोटं वाटायला लागलं. पुढे तो ओळखीचा झाला तेव्हा आम्ही दोघांनी बसून रेझ्युमेतली ती एकच ओळ पुन्हा मांडली. तोच हिशेब इथे पायरीपायरीने देतोय. कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये आणि गणित सोपं राहावं म्हणून आकडे बदललेत, पण हिशेबाची रीत तीच आहे.

पायरी १: आधी काम लिहा, आकडा नंतर

‘रिजेक्शन कमी केलं’ हा निकाल झाला. नेमकं काय केलं ते चार वाक्यांत लिहून काढा, कारण कुठला आकडा मोजायचा हे त्यातूनच कळतं.

त्याचं काम असं होतं. पार्ट म्हणजे एक स्टीलचा बुश, बाहेरचा व्यास ३२ मिमी, टॉलरन्स ±०.०२ मिमी. दोन मशीन, दोन पाळ्या. टिप झिजत जाते तसा व्यास वाढत जातो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेटमध्ये थोडं थोडं मायनस टाकत राहतो. टिप कधी बदलायची याचा नियम नव्हता. कोणी ३०० पीसला बदलायचा, कोणी ५०० पर्यंत ओढायचा. खरी गोची बदलल्यानंतर व्हायची. नवी धार लावली पण जुना ऑफसेट, समजा ०.०४ मायनस, तसाच राहिला, तर पहिले काही पीस थेट अंडरसाइज निघायचे. ओव्हरसाइज पीस परत मशीनवर लावून वाचवता येतो, अंडरसाइज सरळ स्क्रॅपच्या पेटीत जातो.

याने तीन गोष्टी लावल्या. मशीनच्या काउंटरवर २५० पीस झाले की टिप बदलायची. बदलली की ऑफसेट शून्य करून पहिला पीस मायक्रोमीटरने तपासायचा आणि सही करायची. मधे दर २५ पीसला एक तपासणी. नुसती २५० ला टिप बदलली असती आणि ऑफसेटचं बघितलं नसतं, तर टिप बदलायची वेळ जास्त वेळा आली असती आणि अंडरसाइज उलट वाढले असते. मुलाखत घेणाऱ्याला इंटरेस्ट असतो तो या वाक्यात, ८५ टक्क्यांत नाही.

पायरी २: आधीचे आणि नंतरचे पूर्ण महिने घ्या

बदल एप्रिलमध्ये लागू झाला. एप्रिल अर्धा जुना, अर्धा नवा, म्हणून तो महिना बाजूला ठेवला. आधीचे तीन पूर्ण महिने, नंतरचे तीन पूर्ण महिने. आकडे रोजच्या प्रॉडक्शन रिपोर्टवरून आणि रिजेक्शन रजिस्टरवरून.

| महिना | तयार पीस | रिजेक्ट |
|---|---|---|
| जानेवारी | ३८,००० | १,२५४ |
| फेब्रुवारी | ३१,००० | ८६८ |
| मार्च | ४६,००० | १,४२६ |
| मे | ४२,००० | ६३० |
| जून | ४०,००० | ५२० |
| जुलै | ३६,००० | ४३२ |

आता टक्क्यांची सरासरी काढायची नाही, पीसची बेरीज करायची. फेब्रुवारीत ३१ हजार आणि मार्चमध्ये ४६ हजार पीस निघाले असतील, तर दोन्ही महिन्यांना सारखं वजन देणं चूक आहे. आधी: १,१५,००० पैकी ३,५४८, म्हणजे ३.१ टक्के. नंतर: १,१८,००० पैकी १,५८२, म्हणजे १.३ टक्के.

हे ‘१.८ टक्क्यांनी घटलं’ असं लिहिलंत तर लगेच गोंधळ होतो. ३.१ चे १.८ टक्के की ३.१ मधून १.८ वजा? शिवाय पूर्णांकन न करता वजाबाकी केली (३.०८५ वजा १.३४१) तर उत्तर १.७ येतं. म्हणून घट लिहूच नका. ‘३.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर’ असं दोन्ही टोकं देऊन लिहा. समोरच्याला ‘निम्म्याहून कमी’ हे स्वतःच दिसतं, आणि तुम्हाला गणित तोंडपाठ ठेवावं लागत नाही.

इथेच एक गोष्ट पडताळून घ्या: मोजण्याची पद्धत आधी आणि नंतर तीच होती का? टिप बदलल्यानंतरचे पहिले पीस आधी रिजेक्शनमध्ये धरले जात असतील आणि नंतर ‘सेटिंग पीस’ म्हणून वेगळ्या रकान्यात जायला लागले असतील, तर रिजेक्शन घटलेलं नाही, फक्त रकाना बदललाय. मी हे नेहमी विचारतो. याच्याकडे सेटिंग पीस दोन्ही काळात रिजेक्शनमध्येच धरले होते, ते रजिस्टर बघून खात्री केली.

पायरी ३: तुमच्यामुळे किती, ते वेगळं काढा

मुलाखतीतला सगळ्यात अवघड प्रश्न हा असतो: “हे तुमच्यामुळेच झालं कशावरून? मटेरियल बदललं असेल, नवीन ऑपरेटर आला असेल.” याला ‘नाही सर, माझ्यामुळेच’ हे उत्तर नाही. रजिस्टरमध्ये रिजेक्शनचं कारण लिहिलेलं असतं, तिथे उत्तर असतं.

आधीच्या तीन महिन्यांत ३,५४८ पैकी २,४८० पीस बाहेरच्या व्यासामुळे गेले होते. उरलेले १,०६८ बोअर, डेंट, चॅम्फर अशा कारणांनी. नंतरच्या तीन महिन्यांत व्यासाचे २,४८० चे ५४० झाले. आणि बाकीची कारणं? १,०४२. म्हणजे जवळपास होती तिथेच.

हे दिसलं तेव्हा मला त्याचं काम खऱ्या अर्थाने पटलं. मटेरियल सुधारलं असतं किंवा ऑपरेटर एकदम तरबेज झाले असते, तर बोअर आणि डेंटही काही ना काही घटले असते. ते हलले नाहीत. ज्या एका गोष्टीला हात लावला, तीच घटली. बाकीची कारणं इथे तुमचे साक्षीदार होतात.

आणि मग ओळ लिहिताना एकूण रिजेक्शन कशाला घ्यायचं? व्यासाचं रिजेक्शन २.२ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं, हा आकडा जास्त ठसठशीत आहे आणि त्याच्या कामाला थेट चिकटलेला आहे. आकडा फुगवण्यापेक्षा अरुंद केला की बऱ्याचदा तो मोठा होतो.

पायरी ४: पैशाचा हिशेब, खर्च वजा करून

इथे नवखे सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा सावकाश.

आधी रिवर्क आणि स्क्रॅप वेगळे करा. रिजेक्ट झालेला प्रत्येक पीस म्हणजे पूर्ण नुकसान नव्हे. आधीच्या तीन महिन्यांत स्क्रॅप १,९०० पीस होते, नंतर ८७०. आधीच्याच दराने स्क्रॅप होत राहिलं असतं तर नंतरच्या १,१८,००० पीसमध्ये साधारण १,९५० पीस गेले असते. गेले ८७०. वाचले १,०८०, म्हणजे महिन्याला ३६०.

एका पीसची किंमत म्हणजे विक्रीची किंमत नाही. त्या टप्प्यापर्यंत लागलेलं मटेरियल ३८ रुपये, मशिनिंग १४ रुपये, एकूण ५२. पण स्क्रॅप भंगारात विकलं जातं, साडेतीनशे ग्रॅमच्या पीसचे दहा रुपये परत येतात. खरं नुकसान ४२ रुपये. ३६० गुणिले ४२, म्हणजे महिन्याला १५ हजार रुपये.

याचे बारा महिने केले की १.८ लाख होतात, आणि त्याच्या रेझ्युमेत तोच आकडा होता. चूक दोन ठिकाणी होती.

पहिली, टिपांचा खर्च. आधी एक धार सरासरी ४०० पीस चालायची, आता २५०. महिन्याला ४० हजार पीस धरले तर आधी १०० धारा लागायच्या, आता १६०. सीएनएमजी टिपला चार धारा असतात, म्हणजे १५ टिपा जास्त. एक टिप ३०० रुपयांची धरली तर साडेचार हजार. निव्वळ बचत उरली साडेदहा हजार. “टिपा जास्त लागल्या नाहीत का?” हा प्रश्न टर्निंग कळणारा कोणीही विचारेल, आणि तो आधी आपण सांगितलेला बरा. खर्च वजा केलेला माणूस दिसला की समोरचा बाकीचे आकडे तपासायचं बऱ्यापैकी सोडून देतो, असा माझा तरी अनुभव आहे. मी स्वतः सोडतो.

दुसरी, ‘वर्षाला’. मोजलं तीन महिने, लिहिलं बारा महिन्यांचं. तीन महिन्यांत दिसलं ते ‘महिन्याला साधारण १० हजार, तीन महिने मोजलं’ असंच लिहायचं. पुढे काय झालं हे माहीत नसताना बाराने गुणणं म्हणजे उधारीवर फुशारकी.

राहिला रिवर्क. महिन्याला सुमारे ३२५ पीसचा रिवर्क वाचला, एकेकाला दोन मिनिटं धरली तरी मशीनचे अकरा तास मोकळे झाले. याचे रुपये करू नका. ते तास दुसऱ्या कामाला वापरले गेले तरच त्याची बचत होते, नाहीतर मशीन नुसती उभी राहते. तास म्हणूनच सांगा.

पायरी ५: ओळ लिहा

रेझ्युमे इंग्रजीत असेल, पण मांडणी ही ठेवा: कुठे आणि किती मोठं काम, काय केलं, कितीवरून किती, किती काळ.

जुनी ओळ: ‘रिजेक्शन ८५ टक्क्यांनी कमी करून वर्षाला १.८ लाखांची बचत केली.’

नवी ओळ: ‘दोन सीएनसी मशीन, महिन्याला सुमारे ३९ हजार बुश. टिप बदलण्याचा काउंट आणि ऑफसेट शून्य करून पहिला पीस तपासण्याची पद्धत लावली. बाहेरच्या व्यासाचं रिजेक्शन २.२ वरून ०.५ टक्क्यांवर, तीन महिन्यांची सरासरी. टिपांचा वाढीव खर्च वजा जाता महिन्याला अंदाजे १० हजारांची बचत.’

दहा हजार लिहायला त्याला लाज वाटत होती. पण दोन मशीनच्या कोपऱ्यात दहा हजार वाजवी आहेत. ‘दोन मशीन’ आणि ‘३९ हजार’ हे शब्द नसते, तर दहा हजार छोटे की मोठे हे कोणाला कळलंच नसतं.

ही पद्धत लावताना सुपरवायझरने मंजुरी दिली, काउंटर सेटरने लावला, तपासणी ऑपरेटरांनी केली. मग ‘मी’ म्हणायचं की ‘आम्ही’? क्रियापदाने भाग पाडा. “कारणं वेगळी करून व्यासाचा प्रश्न मी दाखवला, तपासणीचा तक्ता मी बनवला, काउंटर सेटरने लावला, दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांनी तो पाळला.” इतकं सांगितलं की श्रेय चोरल्याचा वासही येत नाही आणि तुमचा वाटाही बुडत नाही.

पायरी ६: रजिस्टर हाताशी नसेल तर

नोकरी सुटून वर्ष झालेलं असतं, आकडे आठवत नाहीत. तेव्हा आठवणीतला एक पक्का आकडा धरून मागे जायचं. सायकल टाइम सहसा कोणी विसरत नाही. याचा होता ७० सेकंद. पाळीत जेवण, चहा, सफाई सोडून मशीन सव्वासात तास चालते, म्हणजे साधारण ३७३ पीस. दोन मशीन, दोन पाळ्या, २६ दिवस: ३८,८०० पीस. रजिस्टरची सरासरी पण ३८-३९ हजारच निघाली होती. म्हणजे रजिस्टर नसतं, तरी ‘महिन्याला ३५ ते ४० हजार’ हे तो छातीठोकपणे सांगू शकला असता.

रिजेक्शनचा टक्का असा मागून काढता येत नाही. तो आठवत नसेल तर जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा: “पाळीत स्क्रॅपची पेटी भरायची, नंतर दोन दिवसांनी भरायला लागली.” हे अंदाजे आहे हे स्पष्ट सांगा. मी ‘अंदाजे’ म्हणणाऱ्याला कधी नाकारलं नाही. ३.०८५ टक्के असा तीन दशांशांचा आकडा सांगून तो कुठून आला हे न सांगता येणाऱ्याला मात्र नाकारलंय.

अजून नोकरीत असाल तर दर महिन्याच्या शेवटी स्वतःच्या वहीत चार आकडे लिहा: तयार पीस, रिजेक्ट, मुख्य कारण, त्या महिन्यात काय बदललं. रिपोर्टचे फोटो काढून मोबाइलवर नेऊ नका. ती कंपनीची कागदपत्रं आहेत, आणि मुलाखतीत फोटो दाखवणारा उमेदवार उद्या आमच्याही रिपोर्टचे फोटो कुठेतरी दाखवेल, हे समोरच्याच्या मनात येतंच. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, पीसची विक्री किंमत सांगायची नाही. ‘एका ऑटो कंपनीसाठीचा बुश’ एवढं पुरतं. टिपचा किंवा भंगाराचा भाव सांगायला हरकत नाही, तो बाजारात सगळ्यांनाच माहीत असतो.

पायरी ७: मोठ्याने एकदा बोलून बघा

कागदावर आकडा बसला तरी तोंडी अडखळतो. मित्राला प्रश्न विचारायला बसवा आणि त्याला सांगा की प्रत्येक उत्तरावर ‘कशावरून?’ विचार. आमची तालीम साधारण अशी झाली.

“२.२ टक्के, कशावरून?”

“जानेवारी ते मार्च, रिजेक्शन रजिस्टर. १ लाख १५ हजारांपैकी २,४८० व्यासाचे.”

“मार्चमध्ये ४६ हजार पीस. घाईत रिजेक्शन वाढलं असेल, म्हणून आधीचा आकडा मोठा.”

“मार्चला तिसरी पाळी होती, खरंय. पण मार्चचं एकूण रिजेक्शन ३.१ होतं आणि जानेवारीचं ३.३. मार्च काढून टाकला तरी आधीची सरासरी तेवढीच राहते.”

हे उत्तर त्याने जागेवर काढलं, आधी ठरवलेलं नव्हतं. पीसच्या बेरजा हाताशी असल्या की असं होतं.

मग मी शेवटचा प्रश्न टाकला, जो त्याच्या कुठल्याच यादीत नव्हता. “एवढं सगळं करून ०.५ टक्के का उरलं?”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, त्यातले बरेच पीस सोमवारच्या पहिल्या पाळीतले आहेत. रविवारी मशीन बंद असते, थंड असते. स्पिंडल गरम होईपर्यंत व्यास हलत राहतो आणि आमची तपासणी २५ पीसला एकदा. तोवर चार-पाच जातात. पहिल्या तासाला दर पाच पीसला तपासायला हवं होतं, पण ते मी लावून घेऊ शकलो नाही, तेवढ्यात नोकरी सोडली.”

पुढच्या मुलाखतीत हा प्रश्न खरंच आला की नाही, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही. नोकरी लागली एवढा मात्र मेसेज आला.